वेग चुकलेली प्लेट

कापयंत्राचं चाक थांबलं. प्रांजलीने झाकण उघडून प्लेटचे दोन अर्धे बाहेर काढले, नळाखाली धुतले आणि सवयीप्रमाणे कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कपाळाच्या भागावर कडा ठीक लागली. पुढे भुवईच्या वळणावरून बोट डोळ्याच्या खोबणीत उतरलं आणि तिथेच थांबलं. हाताला काही लागतच नव्हतं. तिने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. जिथे पत्रा मूळच्या निम्म्याहून जाड राहायला हवा होता, तिथे तो वर्तमानपत्राच्या कागदाइतका उरला होता. तिने अंगठ्याने नुसतं दाबलं, आणि टायटॅनियमला खळगा पडला.

ती जवळच्या स्टुलावर बसली.

ही प्लेट सूर्याजी शितोळेसाठी होती. नई सडकेवर त्याचं टेंटहाउस. मंडप बांधताना बल्लीच्या उंच खांबावरून तो डोक्यावर पडला होता. कवटीचा उजवा भाग, कपाळापासून कानाच्या वरपर्यंत, चुरा होऊन गेला. जीव वाचला, पण तेवढ्या जागेत आता मेंदूवर नुसती कातडी होती. स्कॅनवरून त्याच्या कवटीचा साचा तयार झाला होता आणि त्या साच्यात टायटॅनियमच्या पत्र्याच्या दोन प्लेट घडवल्या होत्या. एक कापून तपासायची आणि दुसरी रुग्णाला द्यायची, हा कारखान्याचा नियम. आधी कापायची, मगच द्यायची.

"नीलम, दुसरी प्लेट कुठंय?" प्रांजलीने विचारलं.

भट्टीपाशी उभी असलेली नीलम कारखान्यात दोन वर्षांपासून होती. घरी हिंदी, इथे मराठी, तिची गाडी दोन्ही रुळांवर चालायची. "दुसरी तर सर खुद देऊन आले मॅडम. कंपू भागातल्या हॉस्पिटलमध्ये. तुम्ही छुट्टीवर होता तेव्हाच. ऑपरेशन आजच आहे ना त्यांचं."

"आणि ही न कापता?"

"मी बोलले होते. सर म्हणाले, कापून झाली."

प्रांजलीने हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ही प्लेट अखंड होती.

तिने सरांना फोन लावला. गुरुप्रसाद सरवटे, वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. विमानांच्या भागांवर आयुष्यभर काम करून ते ग्वाल्हेरला परत आले होते आणि महाराजपुऱ्याच्या औद्योगिक भागात हा छोटा कारखाना त्यांनी टाकला होता. प्रांजलीला हे काम त्यांनी अक्षरशः हाताला धरून शिकवलं होतं.

"सर, शितोळेंची जोडीची प्लेट तुम्ही कापून पाहिली होती?"

"पाहिली की," सर शांतपणे म्हणाले. "खोबणीत थोडी पातळ आहे, पण हिशेबात बसते. का गं?"

सर खोटं बोलत नसत. निदान बारा वर्षांत तिने ते ऐकलं नव्हतं. "काही नाही, आल्यावर बोलते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. मग सूर्याजीचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर अभिराम तेलंगांना लावला. नुसती रिंग वाजत राहिली. तिने जाडी मोजायचं लांब हातांचं कॅलिपर पर्समध्ये टाकलं, नीलमला भट्टी बंद ठेवायला सांगितलं आणि स्कूटर काढली.

गोला का मंदिरच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. ती टेंपोच्या आणि दुधाच्या गाडीच्या मधून कशीबशी निघाली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पातळ झालेला तो भाग नेमका कपाळाच्या कडेला होता, जिथे दाराची चौकट लागते, जिथे लहान मूल खेळता खेळता डोकं आपटतं. तिथला पत्रा चेपला तर आत थेट मेंदू.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर, सूर्याजी स्ट्रेचरवर पडला होता. डोक्यावरचे केस काढलेले. उजवीकडे कपाळ एखाद्या चेपलेल्या चेंडूसारखं आत गेलेलं. शेजारी त्याची आई सुलोचनाबाई, डोक्यावर पदर, हातात मुलाची चप्पल.

"या ताई," सूर्याजीने तिला ओळखलं. साच्याच्या वेळी भेट झाली होती. "तुम्ही पण आलात? बघा, आज आमचं छप्पर पडणार. म्हणजे, लागणार."

प्रांजलीला हसता आलं नाही. तिने थिएटरच्या दारावरच्या परिचारिकेला सांगितलं की डॉक्टरांना आत्ता बाहेर बोलवा, प्लेट बनवणाऱ्यांकडून निरोप आहे, ऑपरेशन सुरू करू नका. परिचारिका तिच्याकडे पाहतच राहिली. मग आत गेली.

डॉक्टर अभिराम हिरव्या कपड्यांत, मास्क गळ्यावर ओढून बाहेर आले. "काय झालं प्रांजलीजी?"

"ती प्लेट बसवू नका. मला ती मोजायची आहे."

"ती निर्जंतुक करून बंद केलीये. उघडली तर आज ऑपरेशन होणार नाही."

"तरी उघडा."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बाजूच्या खोलीत पाकीट फाडलं. प्लेट सुरेख दिसत होती. भुवईची कमान, डोळ्याच्या वरची खोबण, कानशिलाचा उतार, सगळं एकाच पत्र्यातून, कुठे सांधा नाही, कुठे सुरकुती नाही. प्रांजलीने कॅलिपरचे हात खोबणीत घातले. काटा जिथे थांबायला हवा होता तिथून बराच पुढे गेला. तिने डॉक्टरांना दाखवलं. मग प्लेट त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "इथे अंगठ्याने दाबा."

त्यांनी दाबलं. बारीकसा आवाज झाला.

डॉक्टर अभिरामांनी प्लेट उजेडात धरली. "हे मी आत बसवणार होतो," ते म्हणाले. "अजून थोड्या वेळात."

सूर्याजीला सांगायला ते स्वतः गेले. प्रांजलीही मागोमाग गेली, कारण न जाणं तिला जमलं नाही. ऑपरेशन आज नाही, प्लेटमध्ये दोष निघाला, हे ऐकून सूर्याजी छताकडे पाहू लागला. त्याचा थट्टेखोर चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. सुलोचनाबाईंनी हातातली चप्पल खाली ठेवली.

"म्हणजे बसवली असती तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी प्रांजलीकडे पाहिलं.

"अहो, मी विचारतेय, बसवली असती तर काय झालं असतं?"

"धक्का लागला असता तर चेपली असती, आजी," प्रांजली म्हणाली. "चूक आमची आहे. मी नवी करून देते. पण आधी हे कसं झालं ते मला शोधू द्या."

म्हातारी तिच्याकडे टक लावून पाहत राहिली. रागावली असती तर प्रांजलीला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मुलाच्या खोल गेलेल्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच उचलला, जणू हाताचंही ओझं होईल.

कारखान्यात परतली तेव्हा सर आलेले होते. नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. ते भिंतीवरच्या त्या प्रसिद्ध पट्टीपाशी उभे होते. कारखाना पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सर ती दाखवत. बोटभर लांबीची टायटॅनियमची पट्टी तापवून सावकाश ओढली होती आणि ती न तुटता आठपट लांब झाली होती, वितळलेल्या गुळाच्या तारेसारखी. साधा धातू ओढला की एखाद्या जागी तो बारीक होतो, मग सगळी ओढ त्याच जागी येते आणि तो तुटतो. हा धातू तसा तुटत नाही. त्याचे कण फार बारीक असतात, केसाच्या जाडीत कितीतरी मावतील इतके. नऊशे अंशांच्या आसपास ते एकमेकांवरून सरकू लागतात. आणि एखादी जागा बारीक व्हायला लागली की तिथे ताणण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की धातू नेमका तिथे जास्त विरोध करतो, मग ओढ शेजारच्या जाड भागाकडे जाते. असं करत करत सगळा पत्रा मिळून लांबतो. म्हणूनच भुवई, खोबण, कानशील असा अवघड आकार एका पत्र्यात उतरवता येतो. अट एकच, सगळं सावकाश व्हायला हवं. वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की हा विरोधाचा गुण मंदावतो, आणि मग तोही साध्या धातूसारखा एका जागी बारीक होत जातो.

प्रांजलीने सरांसमोर दोन्ही अर्धे ठेवले आणि हॉस्पिटलमधलं सगळं सांगितलं. सर ऐकत होते. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"पत्रा खराब असेल," ते म्हणाले. "कण जाड असतील. चल, पाहू."

तिलाही तेच वाटत होतं, म्हणजे तेच वाटावं असं वाटत होतं. तिने पातळ जागेचा एक तुकडा आणि साच्याच्या कडेला चिमटीत धरलेला, न ताणलेला दुसरा तुकडा कापला. दोन्ही घासून आरशासारखे केले, आम्लात बुडवले आणि मायक्रोस्कोपखाली ठेवले. न ताणलेल्या तुकड्यात कण बारीक, गोलसर, एकसारखे होते. पत्र्यात काही खोट नव्हती. मग तिने पातळ तुकडा सरकवला.

कण लांबट झाले होते. ओढीच्या दिशेने तांदळाच्या दाण्यांसारखे.

नीट, सावकाश ताणलं तर पत्रा कितीही लांबला तरी कण गोलच राहतात, कारण ते स्वतः ताणले जात नाहीत, एकमेकांवरून घसरतात. लांबट कण म्हणजे त्यांना घसरायला वेळच मिळाला नाही.

"बघू दे," सर म्हणाले. ते खुर्चीवर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. फार वेळ लागला नाही. "हा पत्रा कोणीतरी पळवलाय," ते म्हणाले. आवाजात संताप होता. "गॅसचा दाब भसाभस वाढवलाय. पाचपट, सहापट वेगाने. सरळ दिसतंय. कोणी केलं हे?"

नीलम दाराशी होती. तिने प्रांजलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सर," प्रांजली म्हणाली. "मी सुट्टीवर होते. दाबाचा आपोआप चालणारा व्हॉल्व्ह दुरुस्तीला गेलाय. दोन्ही प्लेट तुम्हीच हाताने केल्यात."

सरांनी मायक्रोस्कोपवरून मान उचलली. ते तिच्याकडे असे पाहत राहिले, जसं एखादं माणूस अनोळखी भाषा ऐकताना पाहतं.

"मी?" ते म्हणाले. "मी दीड तास त्या व्हॉल्व्हपाशी बसलो होतो, प्रांजली. जागचा हललो नाही. चहासुद्धा तिथेच घेतला."

"हो सर."

"मग मला काय शिकवतेस? भट्टी तापव. तुझ्यासमोर करतो."

भट्टी तापायला दुपार झाली. प्रांजलीने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मनात ती एकच गोष्ट धरून होती, की सर आता बसतील, नेहमीसारखं सावकाश चालवतील, आणि सगळा दोष दुसऱ्या कशात तरी निघेल. गॅसच्या नळीत, दाबाच्या मापकात, कशातही.

पत्रा साच्यावर चिमटला गेला. दोन्ही बाजूंनी आर्गॉन वायू भरला, म्हणजे तापलेल्या टायटॅनियमला हवा लागू नये; वरच्या बाजूचा दाब पायरीपायरीने वाढवला की पत्रा साच्यावर बसत जातो. आत काय चाललंय ते कुठूनही दिसत नाही. बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी कळतात, दाब किती आणि वेळ किती. सरांनी खुर्ची ओढली, भिंतीवर लावलेला दाबाचा आलेख एकदा पाहिला, व्हॉल्व्ह किंचित फिरवला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"आता पुढची पायरी पंधरा मिनिटांनी," ते म्हणाले.

प्रांजलीचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. सर एक-दोन वाक्यं बोलले, मुरारच्या कुठल्यातरी जुन्या मित्राबद्दल. मग उठले आणि व्हॉल्व्ह पुन्हा फिरवला.

"सर, आत्ताच तर..."

"पंधरा झाली." ते पुन्हा बसले.

तीन मिनिटंही झाली नव्हती.

नीलमने तोंडावर ओढणी धरली. सर मान डोलावत बसले, खिशातून पेन काढून पुन्हा ठेवलं, परत उठले. पावलं टाकताना त्यांचा डावा पाय किंचित घासत होता. तिने ते आजच पाहिलं. की आधीही पाहिलं होतं आणि म्हातारपण समजून सोडून दिलं होतं, हे तिला ठरवता येईना. त्यांचा हात व्हॉल्व्हवर गेला.

तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. बारा वर्षांत तिने सरांच्या हाताला कधी असा अडथळा केला नव्हता.

"सर, घड्याळ बघा."

ते चिडले. "बघतोय की. तास होत आला."

"बसलात तेव्हा काटा कुठे होता?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काटे त्यांना दिसत होते, पण त्यातून काय काढायचं ते हाती लागत नसावं. मग त्यांनी व्हॉल्व्हवरचा हात सोडला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आज सकाळी मी इथे आलो का?"

प्रांजलीने दाब बंद केला. साच्यातला पत्रा वाया गेला होता, त्याचं तिला काही वाटलं नाही.

तिने सरांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नी वनमालाकाकू दाना ओली नावाच्या मोहल्ल्यात राहत, म्हणजे दोघंच राहत; मुलगी कॅनडात. काकू आधी काही नाही, काही नाही म्हणत राहिल्या. मग रडायला लागल्या. "अगं, दोनदा जेवायला बसतात. आत्ताच तर जेवलात म्हटलं की चिडतात. परवा रात्र समजून संध्याकाळीच झोपायला गेले. मला वाटलं, वय झालं. कोणाला सांगायचं म्हणजे... त्यांना आवडलं नसतं."

"काकू, हे कधीपासून?"

"महिना झाला असेल. त्याच्याआधी एकदम ठीक होते गं."

त्या 'एकदम ठीक'ने प्रांजली दचकली. तिने डॉक्टर अभिराम यांना फोन लावला. या वेळी त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. त्यांना वाटलं होतं, प्लेटबद्दल असेल. तिचं सगळं त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"पाय घासतोय म्हणालात. कुठला?"

"डावा."

"डोक्याला काही लागलं होतं त्यांच्या? लहानसहानसुद्धा."

तिला माहीत नव्हतं. काकूंना पुन्हा फोन केला. काकू आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "लागलं असं नाही. गाडीच्या डिकीचं झाकण वर करताना डोक्यावर आलं होतं. टेंगूळसुद्धा नव्हतं आलं. दिवाळीनंतरची गोष्ट."

"आणि रक्त पातळ करायची गोळी घेतात?" डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा प्रश्न तिने विचारला.

"हृदयासाठी. रोज."

"त्यांना लगेच घेऊन या," तिने परत फोन करून हे सांगितल्यावर डॉक्टर अभिराम म्हणाले. "गाडी तुम्ही चालवा. त्यांना चालवू देऊ नका."

सर मुकाट्याने गाडीत बसले. वाटेत दोनदा विचारलं की आपण कुठे चाललोय. दुसऱ्यांदा उत्तर देताना प्रांजलीचा आवाज फुटला, आणि त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं, जणू तिलाच काही झालं होतं.

स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावून काकूंना आणि प्रांजलीला आत बोलावलं. कवटीच्या आतल्या बाजूने, उजवीकडे, एक राखाडी चंद्रकोर दिसत होती. तिने मेंदूला एका बाजूला ढकललं होतं. अगदी न कळत रक्त थेंब थेंब साठत गेलं होतं, महिनाभर.

"एवढं?" काकू म्हणाल्या. "आणि हे माझ्यासमोर जेवत होते."

"हे काढता येतं," डॉक्टर म्हणाले. "कवटीला दोन लहान भोकं पाडून. बहुतेक माणसं पुष्कळ सुधारतात. पण आणखी आठवडा गेला असता तर मी असं म्हणालो नसतो." मग ते प्रांजलीकडे वळले. "तुम्हाला कशावरून शंका आली?"

"पत्र्यावरून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचं ऑपरेशन झालं. प्रांजली तिथे थांबली नाही. काकूंजवळ त्यांची बहीण आली होती, आणि सूर्याजीची प्लेट राहिली होती. कारखान्यात ती आणि नीलम दोघी व्हॉल्व्हपाशी बसल्या. एकीने दाब सांगायचा, दुसरीने घड्याळ सांगायचं, आणि दोघी हो म्हणाल्याशिवाय हात लावायचा नाही. पत्रा आत, अंधारात, नऊशे अंशांवर, साच्याच्या भुवईवर टेकत होता, कानशिलावरून घसरत होता, सगळ्यात शेवटी खोबणीत उतरत होता. काही ऐकू येत नव्हतं. नीलम मध्येच म्हणाली, "मॅडम, इतना धीरे," आणि गप्प झाली. तास उलटून गेला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

जोडीची प्लेट प्रांजलीने कापली. कडा खोबणीत पातळ होती, तितकीच, जितकी हिशेबात होती. कण गोल होते. तरी तिने तो तुकडा तीनदा मायक्रोस्कोपखाली घातला. द्यायच्या प्लेटमध्ये कॅलिपर घालून जागोजागी मोजलं, अंगठा लावून जोर केला. नंतर नीलमलाही करायला लावलं.

सूर्याजीला प्लेट बसली. दहा-बारा दिवसांनी तो टाके काढायला आला तेव्हा सुलोचनाबाईंनी प्रांजलीला बोलावून घेतलं. कपाळ दोन्हीकडे सारखं दिसत होतं. म्हातारीने तिचा हात धरून मुलाच्या कपाळावर नेला.

"तुम्हीच दाबून बघा," त्या म्हणाल्या. "आम्हाला कोणाचा भरोसा राहिला नाही."

सूर्याजी म्हणाला, "आई, बस कर ना. ताईंना लाज वाटतेय."

प्रांजलीने दाबलं नाही. नुसता हात ठेवला. तिथून ती वरच्या मजल्यावर गेली, जिथे सर अजून होते.

ते उशीला टेकून बसले होते. डोक्याला पट्टी, डोळे मात्र लखलखीत, पूर्वीसारखे. काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. सरांनी कारखान्याची चौकशी केली, व्हॉल्व्ह दुरुस्त होऊन आला का, नीलमचा हात कसा बसतोय. मग म्हणाले, "मला कोणी काही सांगत नाही. हिने नुसतं म्हटलं की मी विसरायला लागलो होतो. तू सांग. काय झालं होतं?"

तिने घरून निघताना ठरवलं होतं की इतक्यात सांगायचं नाही. पण त्यांनी असं सरळ विचारल्यावर तिला खोटं बोलवेना. तिने सगळं सांगितलं. न कापलेली जोडीची प्लेट, फाडलेलं पाकीट, स्ट्रेचरवरचा सूर्याजी, मायक्रोस्कोपमधले लांबट कण, 'कोणी केलं हे' असं त्यांनी विचारलं होतं, तेही, आणि सूर्याजी आत्ता खाली टाके काढायला आलाय, हेही.

सर ऐकत होते. हळूहळू त्यांचा हात चादरीवरून सरकत तिच्या मनगटापाशी आला आणि त्यांनी ते घट्ट धरलं. बोटं गार पडली होती.

"त्याला बसवली असती," ते म्हणाले.

"नाही बसवली, सर."

"पण मी दिली होती ना. माझ्या हाताने."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. प्रांजली काकू येईपर्यंत तशीच बसून राहिली. मनगट दुखत होतं, पण तिने ते सोडवून घेतलं नाही. खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. काही वेळाने सरांनी डोळे न उघडताच विचारलं, सूर्याजी शितोळे अजून इमारतीत आहे का, असेल तर मला त्याच्याकडे खाली घेऊन चल. ती त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आणायला उठली.